मूल्यांवर उभं राहिलेलं झाड

१९७७ साली व्हिक्टर क्ली या अमेरिकन गणितज्ञाने ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये एक प्रश्न विचारला. एका सरळ रेषेवर एकमेकांवर चढलेले पुष्कळ तुकडे आहेत. सगळ्यांनी मिळून झाकलेली लांबी, तुकडे क्रमाने लावायला जेवढं काम पडतं त्याहून कमी कामात काढता येईल का? त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन बेंटली यांनी हा प्रश्न रेषेवरून कागदाच्या पृष्ठावर नेला. तुकड्यांऐवजी आयत घेतले आणि लांबीऐवजी क्षेत्रफळ. त्यांचं हे टिपण रीतसर छापलं गेलं नाही, पण त्यातलं झाड जगभर पोहोचलं. आज त्याला सेगमेंट ट्री म्हणतात.

बेंटलींची युक्ती अशी. एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकवायची. आयताची डावी कड लागली की त्याची उंचीची व्याप्ती झाडात नोंदवायची, उजवी कड लागली की काढून टाकायची. झाडाची पानं म्हणजे उंचीचे छोटे छोटे पट्टे. प्रत्येक नोडमध्ये, आपल्या पट्ट्यावर सध्या किती आयत पूर्ण पसरलेत आणि त्यातला किती भाग झाकलेला आहे, एवढंच ठेवायचं. यात आडवा अक्ष झाडात कुठेच नाही. तो रेघेच्या सरकण्यात, म्हणजे वेळेत जिरून गेलाय.

हे झाड जिथे कामाला येतं अशा एका प्रश्नाचं मूळ गणिताच्या वेगळ्याच घरात आहे. १९६१ मध्ये क्रेग शेन्स्टेड यांनी ‘कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये सर्वांत लांब चढत्या सबसीक्वेन्सवर लेख लिहिला. दिलेल्या आकड्यांमधून, क्रम न बदलता, मधले काही गाळून जास्तीत जास्त लांब चढती साखळी निवडायची. त्यांच्या रीतीचं मर्म आजच्या भाषेत असं: प्रत्येक लांबीसाठी सर्वांत लहान शेपूट तेवढं लक्षात ठेवा. दोन साखळ्या सारख्याच लांबीच्या असतील, एकीचं शेपूट २ आणि दुसरीचं ७, तर ७ विसरून गेलं तरी चालतं. ७ च्या पुढे जो आकडा लागेल तो २ च्या पुढेही लागेलच.

आता अट बदला. साखळी चढती नको, पण शेजारच्या दोन आकड्यांमधला फरक k पेक्षा जास्त नको, मग चढ असो वा उतार. एवढ्याशा बदलाने शेन्स्टेडची सोय पार कोलमडते. k = २ घ्या आणि आकडे हे: ४, ९, २, ७, ३, ५, ८, ६. पहिले चार वाचून झाल्यावर हातात लांबी २ च्या दोन साखळ्या असतात, ४–२ आणि ९–७. पुढे ३ आला तर पहिली वाढते, ८ आला तर दुसरी. कोण कोणापेक्षा सरस, हे पुढचा आकडा पाहिल्याशिवाय ठरत नाही. म्हणून कोणतंही शेपूट टाकता येत नाही. प्रत्येक मूल्यासाठी, ‘या मूल्यावर संपणारी सर्वांत लांब साखळी किती’ हे वेगळं जपावं लागतं.

इथे बेंटलींचं झाड कामाला येतं. प्रत्येक आकडा कागदावर एक बिंदू समजा: आडवं त्याचं स्थान, उभं त्याचं मूल्य. रेघ डावीकडून उजवीकडे सरकतेय. बिंदू x वर आली की x−k ते x+k एवढ्या उभ्या पट्ट्यात आतापर्यंतची सर्वांत मोठी लांबी विचारायची, तिच्यात एक मिळवायचा आणि उत्तर x च्या पानावर ठेवायचं. ‘आधी आलेला’ ही अट झाडाला कळतच नाही. जे आलंय तेवढंच झाडात आहे. फरक एवढाच की बेंटली पूर्ण पट्टा नोंदवत आणि उत्तर मुळाशी वाचत. इथे नोंद एका पानावर होते आणि वाचन पट्ट्याचं.

```cpp
for (int x : a) {
    int l = max(0, x - k), r = min(M, x + k);
    int d = query(l, r) + 1;
    update(x, d);
    ans = max(ans, d);
}
```

वरची आठ मूल्यं चालवून पाहा. ४ आणि ९ यांना जवळ कोणी नाही, दोघांची लांबी १. २ ला ० ते ४ या पट्ट्यात ४ सापडतो, लांबी २. ७ ला ९ सापडतो, लांबी २. ३ ला २ सापडतो, लांबी ३. ५ च्या पट्ट्यात ३, ४ आणि ७ आहेत. त्यांतली मोठी लांबी ३ ची, म्हणून ५ ला ४ मिळतात. ८ ला ७ वरून ३. शेवटी ६ च्या पट्ट्यात ५ आहे, उत्तर ५. साखळी ४, २, ३, ५, ६.

हल्ली सेगमेंट ट्री शिकवतात ती ॲरेच्या स्थानांवर, ‘तिसऱ्यापासून नवव्यापर्यंतची बेरीज सांगा’ अशा प्रश्नांतून. त्यामुळे शिकणारा या गणिताशी आला की झाड स्थानांवरच उभं करू पाहतो आणि अडतो, कारण हवी ती मूल्यं स्थानांमध्ये विखुरलेली असतात. मग मूल्यावर झाड बांधणं ही काहीतरी खास क्लृप्ती म्हणून सांगितली जाते. माझ्या मते हे उलटं झालंय. झाड जन्मलं तेच मोजमापाच्या अक्षावर. स्थानांवरचा वापर ही त्याची नंतरची नोकरी.

पीटर फेनविक यांचं १९९४ मधलं सुटसुटीत झाड इथे का चालत नाही, असंही कुणी विचारेल. चढत्या साखळीला ते चालतं, कारण तिथे पट्टा नेहमी तळापासून सुरू होतो. इथे पट्ट्याला खालचीही कड आहे. बेरीज असती तर दोन उत्तरांची वजाबाकी केली असती. कमालची वजाबाकी होत नाही.

जपानच्या अ‍ॅटकोडर या स्पर्धास्थळाने सप्टेंबर २०२० मध्ये आपली लायब्ररी खुली केली आणि तिच्या सरावासाठी घेतलेल्या नवशिक्यांच्या स्पर्धेत नेमकं हेच गणित ‘फ्लॅट सबसीक्वेन्स’ नावाने ठेवलं. आकडे ३ लाखांपर्यंत, मूल्यं आणि k ही ३ लाखांपर्यंत. प्रत्येक जोडी तपासायची तर सुमारे ४,५०० कोटी तुलना. झाडाने काही कोटींत भागतं. जुनी नोंद पुसून नवी लिहिताना दोन्हींतली मोठी निवडायचीही गरज नाही, कारण तोच आकडा पुन्हा आला की फरक शून्य, म्हणजे नवी लांबी जुनीपेक्षा निदान एकाने जास्तच.

मूल्यं शंभर कोटींपर्यंत गेली की तेवढी पानं परवडत नाहीत. मग मूल्यं क्रमाने लावून त्यांना क्रमांक देतात, आणि इथेच बरेच जण घसरतात. १०, २०, ३० यांचे क्रमांक १, २, ३. k = २ असताना क्रमांकांवरच k ची वजाबेरीज केली तर तिघंही शेजारी ठरतात आणि उत्तर १ ऐवजी ३ येतं. कडा मूळ मूल्यांवर काढायच्या, मग बायनरी सर्चने त्यांचे क्रमांक शोधायचे. चूक पकडायला k = ० देऊन पाहावं: उत्तर सर्वांत जास्त वेळा आलेल्या आकड्याच्या संख्येइतकंच हवं. मात्र ही क्रमांकांची चूक तिथे लपून राहते, कारण शून्य मिळवलं काय आणि न मिळवलं काय. ती दिसते मोठी अंतरं आणि छोटा k असलेल्या आकड्यांवर, जोडी जोडी तपासणाऱ्या साध्या प्रोग्रामशी ताडून पाहिल्यावर.