किमान वेतनाचा तक्ता कसा वाचायचा? मिस्त्री, बिगारी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी हिशोबासह माहिती

बांधकामावरच्या मजुरांच्या मोबाईलवर अधूनमधून एक फोटो फिरतो. 'सरकारने मजुरी वाढवली, आता रोज ७८३ रुपये' असे त्यावर लिहिलेले असते. तो पाहून मजूर ठेकेदाराकडे जातो, ठेकेदार हसतो आणि विषय तिथेच संपतो. खरे पाहता आकडा खोटा नसतो, पण तो त्या मजुराचा नसतो. त्याचा खरा दर दुसऱ्याच कागदावर असतो आणि तो कागद कोणी उघडत नाही. चुकीचा आकडा घेऊन गेल्यामुळे हक्काचा आकडाही हातचा जातो.

आधी पाहा, कागद कोणाचा?

७८३ हा आकडा केंद्र सरकारचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बांधकाम, साफसफाई, माल चढवणे-उतरवणे या कामांसाठी 'अ' क्षेत्रात अकुशल मजुराला रोज ७८३, अर्धकुशलला ८६८, कुशलला ९५४ आणि अतिकुशलला १,०३५ रुपये असा तो दर होता. 'अ' क्षेत्र म्हणजे मोठी शहरे. यादीत नाव नसलेली सगळी गावे 'क' क्षेत्रात येतात आणि तिथला दर बराच कमी असतो. या तक्त्याचे २०१७ चे मूळ दर पाहिले तरी हा फरक दिसतो. अकुशल मजुराला 'अ' क्षेत्रात ५२३, 'ब' मध्ये ४३७ आणि 'क' मध्ये ३५० रुपये होते.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की हा तक्ता केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांना लागतो. रेल्वेचे काम हे त्याचे सोपे उदाहरण. गावातले घर, दुकानाचा गाळा, खासगी शाळेची इमारत यांना राज्य सरकारचा दर लागतो. म्हणून कागद हातात आला की आकड्याकडे जाण्याआधी वरच्या ओळी वाचाव्यात. तो केंद्राचा आहे की महाराष्ट्र शासनाचा, आणि कोणत्या उद्योगासाठी आहे, हे तिथेच लिहिलेले असते.

राज्याचा दर दोन कागदांत असतो

महाराष्ट्रात पूर्ण दर एकाच कागदावर सापडत नाही. पहिला कागद म्हणजे त्या उद्योगाची अधिसूचना. तिच्यात महिन्याचे मूळ वेतन असते आणि ती काही वर्षांनी एकदाच निघते. दुसरा कागद कामगार आयुक्तांचा. त्यात विशेष भत्ता असतो, लोक त्यालाच महागाई भत्ता म्हणतात. तो दर सहा महिन्यांनी ठरतो, एकदा जानेवारी ते जून आणि एकदा जुलै ते डिसेंबर. दोन्हींची बेरीज म्हणजे किमान वेतन. नुसते मूळ वेतन दाखवून 'हाच सरकारी दर' म्हणणे ही नेहमीची पळवाट आहे. दोन्ही कागद mahakamgar.maharashtra.gov.in वर पाहता येतात.

उभे-आडवे रकाने

तक्त्यात एका बाजूला कामगाराचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला परिमंडळ असते. परिमंडळ १ मध्ये साधारणपणे महानगरपालिका, २ मध्ये नगरपरिषदा आणि ३ मध्ये उरलेली गावे येतात. उद्योगागणिक यात थोडा फरक असतो, म्हणून त्याच अधिसूचनेच्या खालचे 'स्पष्टीकरण' वाचावे. परिमंडळ ठरते ते काम कुठे चालले आहे यावरून. मजूर कुठल्या गावाहून येतो याचा त्याच्याशी संबंध नाही.

कुशल, अर्धकुशल, अकुशल हे शिक्षणावरून किंवा सर्टिफिकेटवरून ठरत नाही, हातातल्या कामावरून ठरते. स्वतःच्या अंदाजाने आणि जबाबदारीवर काम पुरे करतो तो कुशल, म्हणजे ओळंबा लावून भिंत उचलणारा गवंडी. नेमून दिलेले ठराविक काम अनुभवाने करतो तो अर्धकुशल. माल कालवणे, घमेली वाहणे अशी साधी कामे करतो तो अकुशल. तक्त्यात बाईमाणसाचा वेगळा रकाना नसतो, हेही ध्यानात ठेवावे. एकाच कामाला पुरुषाला जास्त आणि बाईला कमी देणे समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्यातही बसत नव्हते आणि आताही बसत नाही.

एका जोडप्याचा हिशोब

समजा, नवरा गवंडी आणि बायको बिगारी. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरच्या गावात एका घराचे काम चालू आहे. त्याला रोज ५५० आणि तिला ४०० रुपये मिळतात. खालचे आकडे हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेले आहेत, हे चालू दर नव्हेत. चालू दर वरच्या दोन कागदांतून घ्यावेत आणि याच रीतीने मांडावेत.

| वर्ग | परिमंडळ १ | परिमंडळ २ | परिमंडळ ३ |
|---|---|---|---|
| कुशल | १३,१२० | १२,६०० | १२,०८० |
| अर्धकुशल | १२,०८० | ११,५६० | ११,०४० |
| अकुशल | ११,०४० | १०,५२० | १०,००० |

हे झाले महिन्याचे मूळ वेतन. विशेष भत्ता सगळ्यांना ३,००० रुपये धरू.

गाव परिमंडळ ३ मध्ये येते. बायको अकुशल, म्हणून १०,००० अधिक ३,००० असे १३,००० रुपये महिन्याचे. रोजचा दर काढताना महिन्याच्या वेतनाला २६ ने भागतात, कारण आठवड्याच्या सुट्टीचे पैसे त्यातच धरलेले असतात. १३,००० भागिले २६ म्हणजे ५०० रुपये रोज. ठेकेदार इथे ३० ने भागून ४३३ काढून दाखवतो. तेवढ्यात रोजामागे ६७ रुपये जातात.

नवरा कुशल आहे. १२,०८० अधिक ३,००० असे १५,०८०, भागिले २६ म्हणजे ५८० रुपये. त्याला रोज ३० रुपये कमी मिळतात आणि तिला १०० रुपये. महिन्यात २२ दिवस काम झाले तर त्याचे ६६० आणि तिचे २,२०० रुपये राहिले. एका घरातून महिन्याला २,८६० रुपये गेले आणि त्यातला मोठा वाटा बाईच्या मजुरीतला निघाला.

पुढच्या महिन्यात तोच ठेकेदार दोघांना नगरपरिषदेच्या हद्दीतल्या कामावर नेतो. आता परिमंडळ २ लागले. तिचा दर १३,५२० भागिले २६ म्हणजे ५२० आणि त्याचा १५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० रुपये. जानेवारीत विशेष भत्ता ३,००० वरून ३,२६० झाला, तर दोघांच्याही रोजात आणखी १० रुपये वाढले पाहिजेत. भत्ता सगळ्या वर्गांना सारखाच वाढतो. म्हणून दर सहा महिन्यांनी मजुरी तशीच राहिली असेल तर नवा कागद पाहिलाच गेला नाही असे समजावे.

तासावरचे काम

स्लॅब पडल्यावर सकाळी दोन तास पाणी मारायला वेगळा माणूस ठेवतात. त्याला रोजाच्या चौथाई दिले की हिशोब झाला असे मानले जाते. तसे नाही. अर्धवेळ कामगारासाठी राज्याच्या अधिसूचनेत रोजच्या दराला ८ ने भागून त्यावर १५ टक्के वाढ द्यायची असते. ५०० भागिले ८ म्हणजे ६२ रुपये ५० पैसे. त्यावर १५ टक्के धरले की तासाला ७१ रुपये ८८ पैसे. दोन तासांचे १४३ रुपये ७६ पैसे होतात, १२५ नव्हे.

घरकाम करणाऱ्या बायांचे काय?

हीच बाई सकाळी दोन घरची धुणीभांडी करत असेल, तर बांधकामाचा तक्ता तिथे चालत नाही. एक अधिसूचना एकाच उद्योगाची असते. केंद्राच्या तक्त्यातला 'साफसफाई' हा शब्द पाहूनही फसू नये. ते काम आस्थापनांतले असते, घरातले नव्हे. घरकामाचा दर मागायचा तर कागदाच्या शीर्षकात 'घरकाम' किंवा 'घरेलू कामगार' असे नाव असावे लागते. शेजारच्या कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामाचे किमान दर वेगळे जाहीर केले. त्यामुळे सीमेपलीकडे बेळगाव भागात कामाला जाणाऱ्या बाईने तिथल्या सरकारचा कागद पाहावा, कारण काम जिथे तिथला दर.

आपल्याकडे २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या बाईची तिथे नोंदणी होते, पण त्या कार्डावर मजुरीचा दर नसतो. बांधकाम मंडळाचेही तसेच आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी करावी, भांड्यांचा संच किंवा मुलांची शिष्यवृत्ती घ्यावी. पण मंडळाचा लाभ मिळाला म्हणून ठेकेदाराची मजुरी कमी होत नाही आणि कार्ड नसले तरी किमान वेतनाचा हक्क जात नाही.

नवा कायदा आल्यावर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली. ठरावीक उद्योगांची यादी संहितेत राहिलेली नाही. तरी जुन्या अधिसूचना लगेच रद्द होत नाहीत. संहितेशी विसंगत नसतील तोवर आणि नवे दर निघेपर्यंत त्या चालू धरल्या जातात. म्हणून ठेकेदार 'तो कायदाच गेला' म्हणाला तर ते मानायचे कारण नाही. नवा कागद निघाला की त्यातही आधी शीर्षक, मग स्पष्टीकरण आणि मग आकडे याच क्रमाने वाचावे.

कमी मिळाले तर

'मी ४०० वर राजी आहे' असे लिहून घेतले असले तरी त्याने हक्क सुटत नाही, असा करार कायद्याने रद्दबातल आहे. दाव्याला संहितेत तीन वर्षांची मुदत आहे. अडचण येते ती पुराव्याची, कारण ठेकेदाराच्या वहीत बऱ्याचदा मजुराचे नावच नसते. म्हणून साध्या वहीत तारीख, कामाचे ठिकाण, काय काम केले, किती तास आणि हातात किती पडले एवढे रोज लिहावे. ठिकाणावरून परिमंडळ ठरते, कामावरून वर्ग ठरतो आणि तारखेवरून भत्ता. उचल घेतली असेल तर तीही तारखेसह लिहावी, नाहीतर ती मजुरीतच मिसळली जाते. ही वही, दोन्ही सरकारी कागद आणि वरच्यासारखा हिशोब घेऊन जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवावी.