ऑनलाइन विक्रीचे पैसे खात्यात उशिरा का येतात? अडकलेला पैसा शोधायचा कसा?

जळगावचे केळीचे वेफर्स, दोंडाईचाची मिरची, घरी वाटलेला खान्देशी काळा मसाला. हा माल आता फक्त गोलाणी मार्केटच्या किंवा धुळ्याच्या आग्रा रोडच्या दुकानांवर अवलंबून नाही. घरातून किंवा छोट्या गाळ्यातून तो थेट मार्केटप्लेसवर चढवला जातो. ऑर्डर येते, कुरिअरवाला पार्सल उचलतो आणि ग्राहक पैसेही भरतो. विक्रेत्याच्या खात्यात मात्र दहा-पंधरा दिवस काहीच दिसत नाही.

"ग्राहकाने तर लगेच पैसे भरले, मग ते गेले कुठे?" हा प्रश्न नव्या विक्रेत्याला पहिल्याच महिन्यात पडतो. हे पैसे कोणत्या टप्प्यावर थांबतात, का थांबतात आणि त्यांचा माग कसा काढायचा, ते समजून घेऊया.

पैसे नेमके कुणाकडे असतात?

मार्केटप्लेस हा दुकानदार नसतो. तो बाजार भरवणारा असतो. परकीय गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला स्वतःचा माल ग्राहकाला विकता येत नाही, हा नियम केंद्र सरकारने 26 डिसेंबर 2018 च्या प्रेस नोटमध्ये आणखी कडक केला. त्यामुळे वेफर्सचे पाकीट कायद्याने तुम्ही विकलेले असते आणि किंमतही तुमचीच असते.

ग्राहकाने यूपीआयने किंवा कार्डाने भरलेली रक्कम आधी पेमेंट अॅग्रीगेटरकडे जाते. ही रक्कम कंपनीच्या रोजच्या खर्चाच्या खात्यात ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. एस्क्रो म्हणजे ठरलेली अट पूर्ण होईपर्यंत पैसे राखून ठेवणारे खाते.

विक्रेत्याला पैसे कधी द्यायचे यासाठी त्या सूचनांमध्ये तीन वेगवेगळ्या तारखा धरल्या होत्या: माल रवाना झाल्याची, माल पोहोचल्याची आणि परताव्याची मुदत संपल्याची. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवायची असे करारात असेल, तर ती मुदत संपल्यानंतर एका दिवसात पैसे द्यायचे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे डिलिव्हरीनंतर काही दिवस पैसे थांबणे हा आपोआप घोटाळा ठरत नाही. ती अट बहुतेक वेळा नोंदणी करताना तुम्ही 'मान्य आहे' म्हणून टिक केलेल्या करारात लिहिलेली असते.

डिलिव्हरीपर्यंत पैसे का थांबवतात?

पहिले कारण परतावा. पाकीट फुटलेले निघाले किंवा चुकीचा माल गेला, तर ग्राहकाला पैसे मार्केटप्लेसने परत करायचे असतात. ते आधीच विक्रेत्याला देऊन टाकले असतील, तर वसूल कुठून करणार?

दुसरे कारण कॅश ऑन डिलिव्हरी. या ऑर्डरमध्ये पार्सल दारात जाईपर्यंत कुणीच पैसे भरलेले नसतात. डिलिव्हरी बॉय रोख घेतो, ती हबवर जमा होते आणि कुरिअर कंपनीच्या हिशेबातून पुढे मार्केटप्लेसकडे जाते. रिझर्व्ह बँकेची 2020 ची ती चौकट कॅश ऑन डिलिव्हरीला लागूच नव्हती. इथे विक्रेत्याचा आधार फक्त करारातले वेळापत्रक असते.

यातला सगळ्यात महागडा प्रकार म्हणजे आरटीओ. ग्राहकाने फोन उचलला नाही किंवा पार्सल नाकारले, की ते तसेच मूळ पत्त्यावर परत निघते. सेल्स पॅनलवर ऑर्डर दिसते, पण तिचे पैसे कधीच येणार नसतात.

घड्याळ ऑर्डरपासून नाही, डिलिव्हरीपासून चालू होते

नव्या विक्रेत्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मीशोसारख्या मार्केटप्लेसवर पैसे डिलिव्हरीनंतर सात दिवसांच्या चक्राने मिळतात. काही ठिकाणी चक्र वेगळे असते आणि विक्रेत्याच्या श्रेणीनुसार बदलते. पण मोजणी बहुधा डिलिव्हरीच्या तारखेपासूनच होते.

समजा, जळगावच्या एका विक्रेत्याला 3 जूनला वेफर्सच्या तीन ऑर्डर आल्या आणि तिन्ही पार्सले 4 जूनला उचलली गेली. नागपूरचे पार्सल 7 जूनला पोहोचले, त्याचे पैसे 14 जूनला येतील. गुवाहाटीचे 12 जूनला पोहोचले, त्याचे 19 जूनला. मुंबईच्या ग्राहकाने पार्सल नाकारले आणि ते 18 जूनला जळगावला परत आले. त्याचे पैसे येणारच नाहीत. एकाच दिवशी आलेल्या तीन ऑर्डरचे तीन वेगळे निकाल लागले. म्हणून '3 जूनची विक्री' आणि '14 जूनचा जमा' यांची तुलना केली, तर हिशेब कधीच जुळणार नाही.

खात्यात रक्कम कमी का दिसते?

वरच्याच विक्रेत्याचा हिशेब पुढे नेऊ. हे आकडे फक्त उदाहरणापुरते आहेत. एका ऑर्डरची करपात्र किंमत 300 रुपये आणि त्यावर 5 टक्के जीएसटी धरू, म्हणजे ग्राहकाने 315 रुपये दिले. कमिशन आणि शिपिंग मिळून 75 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 13.50 रुपये, असे 88.50 रुपये कापले गेले.

याशिवाय दोन छोट्या कपाती होतात. जीएसटीचा टीसीएस 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का आहे, म्हणजे 1.50 रुपये. आयकराचा टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का आहे, म्हणजे 30 पैसे. वैयक्तिक नावाने विक्री करणाऱ्याची त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री 5 लाखांपर्यंत असेल आणि त्याने पॅन किंवा आधार दिले असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही. आपल्या उदाहरणात तो कापला असे धरू. हातात राहिले 224.70 रुपये.

आता 14 जूनला अशा सहा ऑर्डर सेटल झाल्या. अपेक्षा 1348.20 रुपयांची आहे. पण पैसे मिळून गेलेली एक जुनी ऑर्डर ग्राहकाने नंतर परत केली. तिचे 224.70 रुपये उलट फिरवले गेले आणि परतीच्या शिपिंगचे जीएसटीसह 118 रुपये लागले. बँकेत आले 1005.50 रुपये. विक्रेत्याला वाटते दीड ऑर्डरचे पैसे खाल्ले. प्रत्यक्षात ती वजाबाकी सेटलमेंट रिपोर्टमध्ये वेगळ्या ओळीवर लिहिलेली असते.

टीसीएस आणि टीडीएसचे पैसे बुडत नाहीत. मार्केटप्लेसने जीएसटीआर-8 भरल्यावर टीसीएसची रक्कम जीएसटी पोर्टलवर दिसते. ती तुम्ही स्वीकारली की तुमच्या कॅश लेजरमध्ये येते. अनेक छोटे विक्रेते हा स्वीकार करायचाच विसरतात. टीडीएस तुमच्या 26एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो.

पैशाचा माग कसा काढायचा?

सुरुवात ऑर्डर क्रमांकापासून करा. सेलर पॅनलवर त्या ऑर्डरची स्थिती 'डिलिव्हर्ड' आहे का आणि कोणत्या तारखेला, हे पाहा. स्थिती अजून 'शिप्ड'वरच असेल, तर पॅनलवरचा एडब्ल्यूबी क्रमांक कुरिअरच्या संकेतस्थळावर टाका. तिथे माल पोहोचल्याचे दिसत असेल आणि पॅनलवर नसेल, तर घड्याळ चालूच झालेले नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून लगेच तिकीट टाका.

डिलिव्हरी झाली असेल, तर तिच्या तारखेत तुमच्या चक्राचे दिवस मिळवा. ती तारीख उलटली नसेल, तर थांबण्याशिवाय पर्याय नाही. उलटली असेल, तर पेमेंट विभागातून सेटलमेंट रिपोर्ट डाउनलोड करा आणि त्यात तोच ऑर्डर क्रमांक शोधा. क्रमांक सापडला, तर त्या पेमेंटसमोर यूटीआर क्रमांक असतो. हा बँकेच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. एनईएफटीमध्ये तो 16 अक्षर-अंकांचा असतो. बँक स्टेटमेंटमध्ये हाच क्रमांक आणि रिपोर्टमधली एकूण रक्कम शोधा. एकेका ऑर्डरची रक्कम तिथे सापडणार नाही, कारण जमा एकत्र होते.

आता दोनच शक्यता उरतात.

यूटीआर आहे, पण खात्यात पैसे नाहीत, तर प्रश्न बँकेचा आहे. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते आणि बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत पैसे जमा करणे किंवा परत पाठवणे बँकेवर बंधनकारक आहे. यूटीआर घेऊन शाखेत लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते.

यूटीआरच नाही, तर पैसे मार्केटप्लेसकडेच आहेत. समजा, धुळ्याच्या एका विक्रेत्याने जीएसटी स्वतःच्या नावाने काढला आणि खाते मात्र भावाच्या नावाचे दिले. बँक पडताळणी अडकते आणि पेमेंट 'होल्ड'वर जाते. बदललेला आयएफएससी कोड, रद्द झालेला जीएसटी क्रमांक किंवा जुन्या परताव्यांमुळे उणे झालेली शिल्लक ही बाकीची नेहमीची कारणे. तिकीट टाकताना 'पैसे आले नाहीत' एवढेच लिहू नका. ऑर्डर क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, अपेक्षित तारीख आणि रक्कम हे चारही लिहा.

परत आलेले पार्सल उघडताना लेबल दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. आत माल फुटलेला किंवा बदललेला निघाला, तर भरपाईच्या दाव्याला तोच पुरावा लागतो, आणि दाव्याची मुदत थोड्याच दिवसांची असते.

समाधान पोर्टलवर तक्रार चालेल का?

लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत, असा एमएसएमई कायदा सांगतो. पण ती जबाबदारी माल विकत घेणाऱ्यावर आहे. मार्केटप्लेस तुमचा माल विकत घेत नाही, तो मध्यस्थ असतो. म्हणून ऑर्डरच्या पैशांसाठी हा रस्ता सहसा उपयोगी पडत नाही. आधी सेलर सपोर्ट, मग तक्रार निवारण अधिकारी आणि त्यानंतर करारातला वाद मिटवण्याचा मार्ग, हाच क्रम राहतो.

किती पैसे कायम अडकलेले राहतील?

हे विक्री सुरू करण्याआधीच मोजता येते. रोज 10 ऑर्डर आणि ऑर्डरपासून जमा होईपर्यंत सरासरी 14 दिवस धरले, तर कोणत्याही दिवशी 140 ऑर्डरचे पैसे वाटेत असतात. 224.70 च्या हिशेबाने ते 31,458 रुपये होतात. एका ऑर्डरच्या केळी, तेल आणि पॅकिंगला 150 रुपये लागत असतील, तर स्वतःच्या खिशातले 21,000 रुपये कायम धंद्यात गुंतलेले राहतील. ऑर्डर रोज 20 झाल्या की हाच आकडा 42,000 होतो. सेलच्या दिवसांत विक्री दुप्पट होऊनही तेलवाल्याला द्यायला पैसे का उरत नाहीत, याचे उत्तर इथे आहे. म्हणून मोठ्या सेलमध्ये उतरण्याआधी किती माल विकेल याच्या जोडीला, किती दिवस बिनपैशाने माल पाठवता येईल, हेही मोजून ठेवा.