होल्टर रिपोर्ट कसा वाचावा: किमान, सरासरी, कमाल ठोके आणि तुमची डायरी

होल्टरचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर पहिल्या पानावरच्या तीन आकड्यांवर जाते. सर्वात कमी ठोके, सरासरी ठोके आणि सर्वात जास्त ठोके. काही दिवसांपूर्वी ६२ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ मुलासोबत आले. मुलाने ४३ या आकड्याभोवती लाल पेनने गोल केला होता. "डॉक्टर, नाडी ४३ वर गेली होती. पेसमेकर बसवावा लागेल का?" हा त्याचा पहिला प्रश्न. रात्री घरात कोणाला झोप लागली नव्हती. हाच रिपोर्ट (ओळख पटू नये एवढे तपशील बदलून) इथे उलगडून बघू.

होल्टर म्हणजे छातीला चिकटवलेले इलेक्ट्रोड आणि कमरेला किंवा गळ्यात अडकवलेली छोटी पेटी. ही पेटी साधारण २४ तास तुमचा ईसीजी सलग नोंदवत राहते. ही पद्धत नॉर्मन होल्टर या अमेरिकन संशोधकाने आणली. सुरुवातीचे त्यांचे यंत्र पाठीवर घ्यावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज ती पेटी खिशात मावते. तपासणीमागचा हेतू मात्र तोच आहे: दवाखान्यातल्या १० सेकंदांच्या ईसीजीत जे सापडत नाही, ते रोजचे व्यवहार चालू असताना पकडायचे.

या रुग्णाच्या रिपोर्टच्या वरच्या भागातले आकडे असे होते. नोंदीचा कालावधी २३ तास २० मिनिटे. एकूण ठोके १,०३,६००. Min HR ४३, पहाटे ३.४२ वाजता. Avg HR ७४. Max HR १३८, संध्याकाळी ६.०३ वाजता. सर्वात मोठा विराम, म्हणजे दोन ठोक्यांमधले सर्वात मोठे अंतर, १.८ सेकंद, पहाटे ४.०५ वाजता. VE ४१२.

एक लाख ठोके वाचून अनेकजण दचकतात. साधा गुणाकार करून पाहा. २३ तास २० मिनिटे म्हणजे १,४०० मिनिटे. मिनिटाला सरासरी ७४ ठोके धरले की १,०३,६०० होतात. कोणाचेही निरोगी हृदय दिवसभरात साधारण एवढेच काम करते.

आता त्या ४३ कडे येऊ. या आकड्याशेजारी छापलेली वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. पहाटे ३.४२ ला हे गृहस्थ गाढ झोपेत होते. झोपेत हृदयावर शरीराच्या 'ब्रेक लावणाऱ्या' मज्जातंतूचा प्रभाव वाढतो आणि ठोके मंदावतात. झोपेत नाडी चाळिशीत जाणे अनेक निरोगी माणसांमध्ये दिसते, आणि व्यायामाची सवय असलेल्या तरुणांमध्ये ती त्याहूनही खाली जाऊ शकते. झोपेतला १.८ सेकंदांचा विरामही काळजीचा नाही. रक्तदाबासाठी किंवा छातीच्या दुखण्यासाठी मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखी गोळी चालू असेल, तर ठोके आणखी थोडे कमी दिसतात. म्हणून होल्टर लावताना चालू गोळ्यांची यादी जरूर द्या.

हेच ४३ दुपारी १२ वाजता, जागेपणी, स्वयंपाकघरात उभे असताना आले असते आणि डायरीत त्याच वेळी 'डोळ्यांपुढे अंधारी' असे लिहिलेले असते, तर मी त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते. जागेपणी ३ सेकंदांहून मोठा विराम असेल आणि सोबत चक्कर किंवा शुद्ध हरपणे असेल, तर पेसमेकरची चर्चा होते. नुसत्या किमान आकड्यावरून ती होत नाही.

कमाल आकड्याला हाच नियम लावायचा. डायरीत नोंद होती: '६.१०, लिफ्ट बंद, तीन मजले चढलो, दम लागला.' २२० मधून वय वजा केले की श्रम करताना ठोके साधारण कुठपर्यंत जाऊ शकतात याचा ढोबळ अंदाज येतो. यांच्यासाठी तो १५८. त्यामुळे जिने चढून १३८ होणे समजण्यासारखे आहे. पण मी आकड्याहून जास्त वेळ त्या वेळच्या ईसीजीच्या पट्टीवर घालवला. ठोके ८५, ९६, ११० असे हळूहळू चढत गेले होते, नंतर पाच-सहा मिनिटांत तसेच हळूहळू उतरले होते आणि प्रत्येक ठोक्याचा आकार नेहमीसारखा होता. श्रमाने वाढलेली नाडी अशीच दिसते. याउलट खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी ७८ वरून एका क्षणात १७० वर गेली आणि काही मिनिटांनी तशीच एकदम खाली आली, तर तो हृदयाच्या विद्युतप्रवाहातला वेगळा दोष असतो आणि त्यावर उपचार आहेत.

इथे एक सावधगिरी. कमाल आणि किमान हे दोन्ही आकडे आधी यंत्र शोधते, आणि यंत्र फसते. घामाने इलेक्ट्रोड सैल झाला, किंवा कोणी जोरजोरात दात घासले, तर रेषा थरथरते आणि यंत्र तिलाच भराभर पडणारे ठोके समजते. रेषा काही सेकंद सपाट झाली तर ते विराम मोजते. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये तंत्रज्ञ किंवा डॉक्टर अशा जागा तपासून वगळतात आणि उरलेल्या महत्त्वाच्या क्षणांच्या पट्ट्या मागच्या पानांवर छापलेल्या असतात. दवाखान्यात येताना पहिले पानच नको, पूर्ण रिपोर्ट आणा.

सरासरी हा तिघांतला सर्वात कमी बोलणारा आकडा. ती सतत वर, म्हणजे विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या घरात राहत असेल, तर रक्तक्षय, थायरॉइडचा जोर, ताप अशी कारणे शोधावी लागतात. पण ७४ सरासरीवर निर्धास्त होण्यात अर्थ नाही. काही तास ४० आणि काही तास १२० असले, तरी सरासरी देखणी येऊ शकते.

VE म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडलेले ठोके. एक लाखात ४१२, म्हणजे सुमारे ०.४ टक्के, आणि सगळे एकेकटे. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, व्यवस्थित असेल तर एवढ्या ठोक्यांना सहसा औषध लागत नाही. हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले, किंवा असे ठोके सलग तीन किंवा जास्त पडू लागले, तर विचार बदलतो. जास्त प्रमाणात आणि दीर्घकाळ पडणारे हे ठोके काही जणांचे हृदय कमजोर करतात.

आता डायरी. मी रिपोर्ट वाचायला घेतो तेव्हा खरे तर तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण रुग्ण आलेला असतो तो त्रासासाठी. यांच्या डायरीत तीन नोंदी होत्या. जिन्याची वर आलीच. दुसरी, '११.२०, पेपर वाचताना छातीत धडधड, ठोका चुकल्यासारखा.' पेटीवरचे बटणही त्यांनी त्या वेळी दाबले होते. बटणाची खूण मात्र रिपोर्टवर ११.१३ ला होती. त्यांचे मनगटी घड्याळ सात मिनिटे पुढे होते! हे लक्षात आले नसते तर मी चुकीच्या पट्टीवर 'सर्व ठीक' म्हणून मोकळा झालो असतो. ११.१३ च्या पट्टीवर नाडी ७६ होती आणि मध्येच अवेळी पडलेले दोन ठोके होते. प्रत्येकानंतर छोटीशी उसंत आणि मग एक जोरकस ठोका. 'ठोका चुकला' असे वाटते ते याच उसंतीमुळे. म्हणजे धडधडीचे कारण सापडले आणि ते साधे निघाले.

तिसरी नोंद सगळ्यांत महत्त्वाची होती: '९.१५ रात्री, जेवून उठताना चक्कर, भिंत धरली.' सात मिनिटे वजा करून ९.०८ ची पट्टी पाहिली. नाडी ८४ ते ९२, अगदी नियमित. ना विराम, ना वेगाचा झटका. मुलगा म्हणाला, "म्हणजे बाबांना काही झालेलं नाही?" झाले होतेच. फक्त ते हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीमुळे झाले नव्हते, आणि हे ठामपणे सांगता आले ते त्यांनी वेळ आणि काम दोन्ही लिहिल्यामुळे. चक्कर आली त्या क्षणाचा ईसीजी चांगला असणे हेही एक उत्तरच असते. ते शोध दुसरीकडे वळवते. आडवे झोपवून त्यांचा रक्तदाब मोजला तो १३६/८२ आला, उभे राहून दोन मिनिटांनी ११०/७०. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला की उभे राहताना रक्तदाब पडतो असे आम्ही म्हणतो. थोडे खोदून विचारल्यावर कळले, लघवीच्या त्रासासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांपूर्वी टॅम्सुलोसिन सुरू केले होते. "ती लघवीची गोळी, हृदयाची नाही, म्हणून सांगितली नाही," असे ते म्हणाले. या गोळीने काहींचा रक्तदाब उभे राहताना पडतो, आणि जेवणानंतर तो पडण्याची शक्यता आणखी वाढते. गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ती बदलली. पेसमेकरचा विषय तिथेच संपला.

डायरी कोरी असली की मात्र मोठी अडचण होते. 'दिवसभर बरं वाटत नव्हतं' अशी एकच ओळ संध्याकाळी आठवून लिहिलेली असते, आणि तिच्यावरून कोणतीही पट्टी शोधता येत नाही. त्रास किरकोळ वाटला तरी लगेच तीन गोष्टी लिहा: किती वाजता, काय करत होतात, नेमके काय वाटले आणि किती वेळ. झोपलात कधी, उठलात कधी आणि गोळ्या कधी घेतल्या, हेही लिहा. होल्टर लावतानाच आपले घड्याळ किंवा मोबाइल पेटीच्या वेळेशी जुळवून घ्या. त्या दिवशी मुद्दाम आराम करू नका. ज्या कामाने त्रास होतो ते काम करा, डॉक्टरांनी मना केले नसेल तर.

आणि त्या २४ तासांत त्रास झालाच नाही तर? मग 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी काही सापडले नाही. महिन्यातून एकदा येणारी चक्कर नेमकी त्याच दिवशी यावी, हा योगायोगच. अशा वेळी ७ किंवा १४ दिवस छातीवर चिकटून राहणारा मॉनिटर लावतात. वारंवार शुद्ध हरपत असेल आणि कारण सापडत नसेल, तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर काही वर्षे नोंद ठेवू शकतो. आधीचा होल्टर चांगला होता म्हणून नंतरचा त्रास अंगावर काढू नका. शुद्ध हरपणे, छातीत दाब येऊन घाम फुटणे, किंवा बसल्याजागी थांबत नसलेली धडधड आणि दम, यांपैकी काही झाले तर रिपोर्टची वाट न पाहता १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.