बाजू उलटण्याचा क्षण

मारतहळ्ळी हे बंगळूरच्या जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचे गाव. १९४० साली या परिसरात विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून दूरदूरच्या प्रांतांतून बदलीवर येणारी माणसे येथे वस्ती करून राहू लागली. आम्हां मराठी मंडळींपैकी कित्येकांच्या सामानात नाट्यगीतांच्या तबकड्या असत. मुलांच्या पेटीत मात्र, वडिलांच्या नापसंतीसह, रॉक संगीताच्या कॅसेटी असत. या संगीताची गोडी ज्यांना नाही त्यांनाही एक गोष्ट कुतूहलाची वाटेल, ती अशी की गाणे ज्या वस्तूवर साठविले जाते ती वस्तू बदलली की ऐकणाऱ्याचे कान आणि ऐकण्याची रीतही बदलते. कसे ते आम्ही एकाच आल्बमच्या आधारे पाहू.

हा आल्बम म्हणजे पिंक फ्लॉइड या इंग्लिश वाद्यवृंदाचा १९७३ सालचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. त्याची एकूण लांबी त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास आहे, आणि ती काही योगायोगाने आलेली नाही. १९४८ साली अमेरिकेत निघालेली बारा इंची तबकडी मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेते, आणि तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा आवाज उत्तम बसतो. त्याहून अधिक भरावयाचा तर खोबणी एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात आणि मग आवाज दबका ठेवावा लागतो.

तबकडीचे आणखी एक व्यंग असे की, फेरे तेवढेच राहिले तरी सुई जसजशी मध्याकडे सरकते तसतशी तिच्याखालून जाणारी खोबणी मंदावत जाते. बाहेरच्या कडेला तिचा वेग सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर असतो. आतल्या कडेला तो जेमतेम वीस-एकवीस उरतो. म्हणून बाजूच्या अखेरीस तार स्वर चिरका होतो. जाणते निर्माते हे ओळखून गाण्यांचा क्रम लावताना शक्यतो दणदणीत गाणे बाहेर आणि शांत गाणे आत ठेवीत. सारांश, गाण्यांचा क्रम कलेइतकाच भूमितीनेही ठरविलेला असे.

या आल्बमची पहिली बाजू सुमारे एकोणीस मिनिटांची आहे. ती हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि मृत्यूची चाहूल देणाऱ्या एका स्त्रीच्या शब्दहीन आलापीने विझते. मग ऐकणाऱ्याने उठायचे, सुई उचलायची, तबकडी उलटायची. दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटाने उघडते. मृत्यू आणि पैसा यांच्यामध्ये श्रोत्याच्या हाताने पडलेला तो अर्ध्या मिनिटाचा विराम आल्बमच्या रचनेत आपोआपच विरून गेला होता.

पुढे कॅसेट आली. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली प्रथम दाखविली. आपल्याकडे तिचा खरा सुकाळ १९८० नंतरच्या दशकात झाला. तिची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतक्या संथ गतीची. त्यामुळे गाण्यामागे सतत एक सळसळ ऐकू येई. परंतु कॅसेटने श्रोत्याला एक अधिकार दिला, जो तबकडीने कधीच दिला नव्हता: तो स्वतः मुद्रण करू लागला.

परदेशी तबकडी महाग आणि दुर्मिळ. वसाहतीतल्या एकाच घरी ती असली तरी पुरे; बाकीचे नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन त्याच्याकडे जात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते. म्हणजे आमचा त्रेचाळीस मिनिटांचा आल्बम, तबकडीच्या दोन्ही बाजूंसकट, कॅसेटच्या एकाच बाजूवर मावे आणि वर दोनेक मिनिटे उरत. तबकडी उलटताना मुद्रण करणारा बटण दाबून यंत्र थांबवी. मृत्यू आणि पैसा यांच्यामधला विराम आता त्याच्या अंगठ्याच्या चपळाईवर ठरे. कोणाच्या प्रतीत तो क्षणाचा असे, तर कोणाच्या प्रतीत नाण्यांचा पहिला खणखणाट कापलेला असे. कॅसेटच्या उलट्या बाजूवर दुसऱ्याच एखाद्या वाद्यवृंदाचा आल्बम भरला जाई आणि वर्षानुवर्षे ते दोन अनोळखी आल्बम त्या घरात एकमेकांचे सोबती म्हणून नांदत.

प्रतीवरून प्रत काढली की सळसळ वाढे, कारण प्रत्येक प्रत मागच्या फितीची सळसळ जशीच्या तशी उचलून वर आपली भर घाली. हे ओळखण्याची खूण या आल्बमातच आहे. तो आरंभी निःशब्दतेतून हळूहळू वर येतो. चांगल्या प्रतीत हृदयाचे ठोके लवकर कानी पडत. प्रतीच्या प्रतीच्या प्रतीत ते सळसळीत बुडून जात आणि आल्बम जणू मध्येच सुरू होई. आवाज दबका नि बोजड झाला असेल तर मात्र दोष फितीचा नसून वाचक-शीर्षावर साचलेल्या काळ्या थराचा असण्याचा संभव असे; स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने ते पुसले की तार स्वर परत येत.

सीडी १९८२ साली जपानात प्रथम विकली गेली. भारतात ती कॅसेटहून कितीतरी महाग असल्याने घरोघरी पोहोचायला वेळ लागला. तिने सळसळ नाहीशी केली, आणि ते ठोके खऱ्या निःशब्दतेतून वर येऊ लागले. पण बाजूच उरली नाही. आलापी विरते न विरते तोच नाणी वाजू लागतात. शिवाय एका बटणाने नावडते गाणे ओलांडता येऊ लागले, आणि क्रमाने ऐकणे ही सक्ती न राहता केवळ सवय राहिली.

लांबीचा बांधही फुटला. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटे सहज मावत, ताणून ऐंशीच्या जवळ जाता येई, आणि जागा आहे म्हणून ती भरण्याचा मोह वाढला. मेटॅलिकाचा १९९६ सालचा ‘लोड’ एकोणऐंशी मिनिटांना भिडतो. त्यातले अखेरचे गाणे सीडीत मावावे म्हणून जवळजवळ मिनिटभराने छाटावे लागले! जुन्या मापाने ती दोन तबकड्यांची सामग्री. एका बैठकीत ती ऐकणारा विरळाच. बहुतेक जण चार गाणी निवडून बाकीची सोडून देत.

पिंक फ्लॉइडचा रॉजर वॉटर्स २००२ साली आणि मेटॅलिका ३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरच्या पॅलेस मैदानावर गायला आले. तोपर्यंत बंगळूरच्या एकाच पिढीच्या कानांवरून तिन्ही वस्तू जाऊन गेल्या होत्या. तबकडीने श्रोत्याला उठवले, कॅसेटने त्याला मुद्रक केले, सीडीने त्याला निवडकर्ता केले. आणि आज तबकड्या पुन्हा विकत घेतल्या जातात त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक असावे की उठण्यालाही काही अर्थ होता. ज्यांच्यापाशी तबकडी नाही त्यांना एक उपाय सोपा आहे. आलापी संपताच, एकोणिसाव्या मिनिटाच्या सुमारास, यंत्र थांबवावे आणि अर्धे मिनिट काहीही ऐकू नये. मग नाणी वाजतात ती निराळी वाजतात.