नेन
योशिहिरो तोगाशी यांच्या ‘हंटर × हंटर’ (१९९८ पासून) या जपानी मांगातील प्राणऊर्जा व तिची युद्धविद्या. स्वतःवर जितके कडक बंधन घालावे, तितके तंत्र प्रबळ होते. कथेतील कुरापिका या पात्राची एक साखळी शत्रूचे नेन पूर्ण बंद पाडते. मात्र ती ‘फँटम ट्रूप’ या टोळीबाहेर कुणावर वापरली तर तो स्वतःच मरेल. या अटीच्या बळावर टोळीतील बलाढ्य उव्होगिन हरतो, पण इतर शत्रूंपुढे ही साखळी निरुपयोगी ठरते. पुढे दुसऱ्या साखळीने कुरापिका टोळीप्रमुख क्रोलोला नेन वापरण्यास मनाई करतो, त्यामुळे क्रोलोशी झुंजायला टपलेला हिसोका लढाई सोडून निघून जातो. वाचकाला हुलकावणी देण्याचे तोगाशींचे कसब इथे नियमांतूनच आले आहे.