छतावरील कामाचे सुरक्षा नियोजन : कठडा, दोरीचा आधार आणि पडलेल्याची सुटका

मे महिना सरत आला की गोव्यात छतांवर माणसे दिसू लागतात. कुठे जुन्या घराची शाकारणी चालते, तर कुठे कारखान्याच्या शेडवरचे गळके पत्रे बदलले जातात. पावसापूर्वी काम उरकण्याच्या घाईत कामगाराच्या अंगावर हार्नेस चढवला जातो आणि सुरक्षेची तजवीज झाली, असे मानले जाते. वास्तविक ती दोरी कुठे बांधली आहे आणि खाली किती जागा आहे, यांवरच सारे अवलंबून असते.

उदाहरणादाखल जमिनीपासून पागोळीपर्यंत पाच मीटर उंच असलेली शेड घेऊ. कामगार कडेला उभा असून त्याची दोरी पायाजवळच्या लोखंडी आधाराला अडकवली आहे. दोरी १.८ मीटर लांबीची आहे. पडण्याचा हिसका कमी करण्यासाठी तिला जोडलेला धक्काशोषक उलगडून आणखी १.७५ मीटरपर्यंत लांबू शकतो. हार्नेसची पाठीवरील कडी ते पाऊल हे अंतर सुमारे १.५ मीटर असते. त्यावर एक मीटर अंतर राखीव ठेवावे लागते. ही बेरीज ६.०५ मीटर होते. उपलब्ध उंची मात्र पाचच मीटर आहे. म्हणजे सर्व साधने निर्दोष असूनही हा कामगार जमिनीवर आदळू शकतो. तोच आधार पावलांपासून दीड मीटर वर, पाठीवरील कडीच्या पातळीवर मिळाला, तर जमिनीपासून त्याची उंची साडेसहा मीटर होते आणि हिशेब जेमतेम जुळतो.

उतरत्या छतावर एवढ्या उंचीचा आधार क्वचितच मिळतो. अशा वेळी दोरी मुळातच इतकी आखूड ठेवावी की कामगार कडेपर्यंत पोहोचूच नये. पडल्यावर झेलण्यापेक्षा पडूच न देणारी ही पद्धत अधिक भरवशाची आहे. मात्र दोरी आधाराच्या सरळ रेषेत असावी. कामगार बाजूला दूर सरकून पडला, तर तो लंबकासारखा झोके घेत भिंतीवर आदळतो आणि पत्र्याच्या धारेवर दोरी घासून तुटण्याचाही धोका असतो.

आधार म्हणून पाण्याचा पाइप, पत्र्याचा हूक-बोल्ट किंवा कौलांखालची रीप कधीही चालत नाही. युरोपीय मानकानुसार एका माणसासाठीच्या आधाराची चाचणी १२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण बाराशे किलो वजनाइतक्या ओढीने घेतली जाते. शेडची मुख्य कैची हा भार पेलेल की नाही, हे अभियंत्याने तपासून सांगावे. गंजलेली कैची केवळ नजरेने पारखता येत नाही.

म्हणूनच नियोजनात पहिला विचार कठड्याचा व्हावा, कारण त्याचे संरक्षण कामगाराच्या लक्षात राहण्यावर विसंबून नसते. पागोळीलगत पहाड उभारून त्याला सुमारे एक मीटर उंचीचा वरचा दांडा, मध्ये दुसरा दांडा आणि हत्यारे घरंगळू नयेत म्हणून तळाशी फळी बसवावी. कठडा पत्र्यांना जोडू नये. मात्र कडेचा कठडा पत्रा फुटून खाली पडणाऱ्याला वाचवू शकत नाही. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले अर्धपारदर्शक पत्रे माणसाचा भार पेलतील, असे गृहीत धरू नये. रंग दिल्यावर किंवा शेवाळ धरल्यावर अर्धपारदर्शक पत्रे ओळखूही येत नाहीत. बोल्टच्या ओळीवरून चालणे सुरक्षित असते, हा समज घातक आहे. एक पाऊल चुकले तरी पत्रा फुटतो. त्यासाठी आधारांवर टेकणाऱ्या रुंद फळ्या अंथराव्यात आणि शेडच्या आत जाळी ताणावी.

शेवटचा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही : दोरीने झेललेल्या माणसाला खाली कसे आणायचे? हार्नेसमध्ये निश्चल लटकल्यास पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. १०८ वर फोन तत्काळ करावाच. परंतु रुग्णवाहिका येईपर्यंत तो लटकत राहता कामा नये. पोहोचेल एवढी शिडी किंवा खाली सोडण्याची दोरी-कप्पी जागेवर असावी, ती वापरण्याचा सराव केलेली दोन माणसे खाली हजर असावीत आणि एकट्याला छतावर चढवू नये. लटकलेला शुद्धीवर असेल, तर हार्नेसला जोडलेल्या पट्ट्यांच्या फासात पाय रोवून त्याने अंगाचा भार पायांवर घ्यावा आणि पाय हलवत राहावे.

खाली आणल्यावर त्याला बसते ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. त्याला पुरेसा आधार आढळला नाही. आता नेहमीचेच प्रथमोपचार करावेत, असे सांगितले जाते : बेशुद्ध असल्यास आडवे ठेवून श्वासमार्ग मोकळा करावा आणि श्वास तपासावा. तो स्वतः बरा असल्याचे सांगत असला, तरी त्याला रुग्णालयात न्यावे. झटका बसलेला हार्नेस आणि दोरी मात्र त्याच दिवशी बाद करावी. धक्काशोषक एकदा उलगडला की तो पुन्हा उपयोगी पडत नाही.