प्रश्न याकोबचा, युक्ती लायबनिट्सची

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘बर्नुलीचे समीकरण’ येते तेव्हा बऱ्याच मुलांना पाइपातले पाणी आणि विमानाचे पंख आठवतात. तो बर्नुली वेगळा. पाण्याचा तो डॅनिएल, आणि त्याचा ग्रंथ 1738 चा. अवकल समीकरणातला बर्नुली म्हणजे त्याचा काका याकोब. गंमत अशी की ते समीकरण सोडवायची जी रीत आज पाठ्यपुस्तकात छापलेली असते, ती या घराण्यातल्या कोणाचीच नाही.

लाइपझिगहून निघणाऱ्या ‘आक्टा एरुडिटोरुम’ या लॅटिन नियतकालिकात 1695 च्या डिसेंबरात याकोबने एक समीकरण मांडले आणि ते सोडवून दाखवा म्हणून सगळ्यांना आव्हान दिले. आजच्या चिन्हांत ते असे लिहितात:

y' + P(x)·y = Q(x)·yⁿ

P आणि Q ही फक्त x ची फलने. उजवीकडचा yⁿ नसता तर हे साधे रेषीय समीकरण झाले असते, आणि तशी समीकरणे सोडवणे तेव्हा नुकतेच जमू लागले होते. n ची किंमत 0 किंवा 1 असेल तर अडचण मुळातच नाही. बाकी कोणत्याही n ला मात्र y चा घात आडवा येतो.

पुढच्याच वर्षी, 1696 मध्ये, लायबनिट्सने वाट दाखवली. y कडे बघूच नका, y च्या (1−n) व्या घाताकडे बघा, की समीकरण रेषीय होते. हाच घात का, हे पाहायला फार खटपट लागत नाही. पूर्ण समीकरणाला yⁿ ने भागले की डावीकडे y⁻ⁿ·y' आणि P·y¹⁻ⁿ ही दोन पदे उरतात आणि उजवीकडे नुसता Q. आता z = y¹⁻ⁿ धरून अवकलन केले तर z' = (1−n)·y⁻ⁿ·y' मिळते. म्हणजे पहिले पद हे z' चाच एक भाग निघाले आणि दुसरे पद तर सरळ P·z. त्यामुळे

z' + (1−n)·P·z = (1−n)·Q

y चा मागमूसही उरला नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समीकरण y' + y/x = x·y², आणि x = 1 असताना y = 1. इथे n = 2, म्हणून z = 1/y आणि 1−n = −1. रेषीय रूप होते:

z' − z/x = −x

याचा इंटिग्रेटिंग फॅक्टर 1/x. त्याने गुणले की डावी बाजू (z/x) चे अवकलज होते आणि उजवीकडे नुसता −1 राहतो. संकलन केल्यावर z/x = C − x, म्हणजे z = Cx − x². x = 1 ला z = 1 हवा, म्हणून C = 2. उत्तर:

y = 1/(2x − x²)

पेपरात इथे मुले खाली दोन रेघा मारतात, पण दोन गोष्टी अजून बघायच्या राहिल्या. समीकरणात x = 2 ला काहीही वावगे दिसत नाही, तरी उत्तर तिथे अनंताकडे पळते; z तिथे निमूटपणे शून्य होतो आणि y त्याचा व्यस्त असल्याने उडतो. डावीकडे x = 0 ला समीकरणच मोडते. तेव्हा हे उत्तर 0 ते 2 च्या मधेच खरे. दुसरी गोष्ट अशी की y² ने भागताना y = 0 नाही असे आपण न बोलता धरले. y = 0 हेही मूळ समीकरणाचे उत्तर आहे, आणि C ला कोणतीही किंमत दिली तरी ते या सूत्रातून निघत नाही.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते (1−n) विसरल्याने. वरच्या उदाहरणात तो −1 गाळला तर z' + z/x = x असे समीकरण येते आणि z = x²/3 + 2/(3x) असे उत्तर. हे उत्तर फसवे आहे. x = 1 ला ताळा करून पाहिला तर तो बरोबर येतो! कारण त्या बिंदूपाशी z' शून्य आहे आणि चिन्हाची चूक शून्यामागे लपते. ताळा दुसरीकडे घ्यावा. x = ½ ला आपले खरे उत्तर y = 4/3 देते आणि y' = −16/9. मग y' + y/x = −16/9 + 24/9 = 8/9, आणि x·y² = ½ × 16/9 = 8/9. जुळले. चुकीच्या उत्तराने तिथे डावी बाजू अडीचच्या वर जाते आणि उजवी पाव.

योहान हा याकोबचा धाकटा भाऊ, बारा-तेरा वर्षांनी लहान. गणित तो थोरल्याकडेच शिकला आणि पुढे त्याच्याशीच उघड भांडला. 1697 मध्ये त्याने याच प्रश्नाला वेगळी वाट काढली, आणि माझे मत विचाराल तर तीच जास्त देखणी आहे. त्याने y ला दोन फलनांचा गुणाकार मानले: y = u·v. अज्ञात एक होते, त्याची दोन झाली. म्हणून त्यातले एक आपल्या सोयीने निवडायची मुभा मिळाली. आपल्याच उदाहरणात y = u·v घातले तर

u'·v + u·v' + u·v/x = x·u²·v²

u असा निवडू की u' + u/x = 0 होईल, म्हणजे u = 1/x. पहिले आणि तिसरे पद एकमेकांना खातात. उरते v'/x = v²/x, म्हणजे v' = v². x सुद्धा गेला! यातून v = 1/(C − x), आणि y = 1/(x(C − x)). C = 2 घातला की मघाचेच उत्तर. लायबनिट्सच्या रीतीत इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणून जो 1/x आयत्या वेळी आला, तो इथे u म्हणून पहिल्यापासूनच समोर आहे. तरी पुस्तकांनी लायबनिट्सची रीत उचलली. कारण उघड आहे: ती घातली की पुढचे काम आधीच शिकवलेल्या धड्यावर सोपवता येते.

या युक्तीची हद्दही लवकरच कळली. n = 2 ठेवून समीकरणात x चे आणखी एक सुटे पद मिळवले की ते रिकाटीचे समीकरण होते, आणि कोणताही घात घेतला तरी ते रेषीय होत नाही. त्याचे एखादे उत्तर आधीच हाताशी असेल, तर y मधून ते वजा केल्यावर उरलेला भाग पुन्हा बर्नुलीच्या समीकरणात बसतो. पण ते पहिले उत्तर आणायचे कुठून, याला सरसकट चालेल अशी रीत नाही.

n = 2 चे सर्वात गाजलेले रूप 1838 मध्ये बेल्जियमच्या फेरहुल्स्टने लोकसंख्येसाठी मांडले: p' = mp − kp². चले वेगळी करूनही हे सुटते, पण z = 1/p घेतले तर z' = −mz + k इतके सरळ होते. z हळूहळू k/m वर स्थिरावतो, म्हणून लोकसंख्या m/k या मर्यादेकडे जाते. 1845 मध्ये या समीकरणातून त्याला बेल्जियमची कमाल लोकसंख्या सुमारे 66 लाख मिळाली. दोन वर्षांनी वाढीला होणाऱ्या अडथळ्याचा नियमच त्याने बदलला, तेव्हा मर्यादा 94 लाखांवर गेली. त्या नव्या समीकरणात p² नव्हताच. ते आधीच रेषीय होते.